बिलाचा स्क्रीनशॉट ते एक्सेलच्या ओळी: रकाने जागेवरून, खात्री ताळ्यावरून

प्रश्न: आमचं किराणा दुकान आहे. एजन्सीवाले छापील बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. मी त्याचा स्क्रीनशॉट घेऊन पायथनमध्ये टेसरॅक्टने वाचून बघितला. मजकूर येतो, पण वस्तू, नग, दर, टॅक्स सगळं मिसळून येतं आणि मध्येच आकडे चुकतात. एक्सेलमध्ये प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ, नग, दर आणि सीजीएसटी-एसजीएसटीची रक्कम असं कसं काढायचं? आणि आलेले आकडे बरोबर आहेत हे कसं ओळखायचं?

उत्तर:

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर बिलातच असतं. जीएसटी बिलातला जवळजवळ प्रत्येक आकडा शेजारच्या दोन-तीन आकड्यांशी बांधलेला असतो. नग गुणिले दर, त्यातून सूट वजा केली की करपात्र रक्कम. त्यावर टक्का लावला की कर. सगळ्या ओळींची बेरीज खालच्या एकूण रकमेला भिडते. त्यामुळे ओसीआरने एक आकडा चुकवला तर तो कुठे चुकला हेही बहुतेक वेळा कळतं. माझ्या अनुभवात या कामात लोक चित्र साफ करण्यात आणि वेगवेगळी ओसीआर सॉफ्टवेअर बदलून बघण्यात वेळ घालवतात, ताळा मात्र कोणी लावत नाही. उत्तम ओसीआरही कधीतरी 3 चा 8 करणारच. तो आठ पकडणारी चाळण हवी.

पण चाळणीपर्यंत पोचायच्या आधी चित्र वाचण्याजोगं हवं, म्हणून तिथून सुरुवात करू.

स्क्रीनशॉटची मुख्य अडचण त्याच्या रुंदीची आहे. बऱ्याच फोनचा पडदा १०८० पिक्सेल रुंद असतो. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे सव्वाआठ इंच. अख्खं बिल पडद्यावर मावलं की एका इंचाला जेमतेम १३० पिक्सेल मिळतात. एजन्सीच्या बिलात १०-१२ रकाने असतात, म्हणून अक्षर ९ पॉइंटच्या आसपास असतं. त्या अक्षराचा अंक तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये साधारण ११ पिक्सेल उंच पडतो. टेसरॅक्टला अंक २०-३० पिक्सेल उंच असले की बरं वाचता येतं. ११ पिक्सेलच्या अंकात 3 आणि 8 यांच्यातला फरक एखाद्या पिक्सेलचा उरतो, आणि व्हॉट्सॲपने फोटो दाबून छोटा करताना तोही पुसट केलेला असतो. नंतर चित्र दुप्पट मोठं केल्याने टेसरॅक्टला वाचायला सोपं जातं, पण पुसून गेलेला पिक्सेल परत येत नाही.

म्हणून पहिलं काम: स्क्रीनशॉट घेण्याआधी फोटो झूम करा आणि बिलाचे डावा अर्धा आणि उजवा अर्धा असे दोन स्क्रीनशॉट घ्या. अनुक्रमांकाचा रकाना उजव्या अर्ध्यात येणार नाही, म्हणून दोन्हीत एखादा रकाना सामाईक ठेवा, म्हणजे ओळी जोडता येतात. त्याहून चांगलं म्हणजे स्क्रीनशॉट न घेता मूळ फोटोच डाउनलोड करून वापरा. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे एजन्सीच्या माणसाला सांगा की बिल फोटो म्हणून न टाकता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. बिल सॉफ्टवेअरमधूनच निघालेलं असेल तर तो पीडीएफच पाठवू शकतो. त्या पीडीएफमध्ये अक्षरं अक्षरं म्हणूनच असतात, ओसीआर लागतच नाही. एकदा विनंती करून बघायला काहीच जात नाही, आणि अनेक एजन्सीवाले खुशीने पाठवतात.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच बघा. बिलाच्या कोपऱ्यात मोठा, दाट क्यूआर कोड आहे का? उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेल्या व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला माल विकताना ई-इन्व्हॉइस काढावं लागतं, आणि त्या बिलावर असा कोड असतो. त्यात वस्तूंची यादी नसते, पण विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, बिलाची एकूण रक्कम आणि बिलात किती ओळी आहेत ही संख्या असते. कोड वाचला की टिंबांनी जोडलेले तीन भाग मिळतात. त्यातला मधला भाग बेस६४ मधून उलगडला की `TotInvVal` आणि `ItemCnt` या नावांनी शेवटच्या दोन गोष्टी मिळतात. ओसीआरशी काहीही संबंध नसलेला हा पुरावा आहे. तुम्ही २२ ओळी काढल्यात आणि `ItemCnt` २३ सांगत असेल, तर एक ओळ सुटली हे तिथल्या तिथे कळतं. कोड दाट असल्याने तो स्क्रीनशॉटमधून बहुधा वाचता येत नाही, मूळ फोटो लागतो.

आता रकाने. सगळं मिसळून येतं कारण तुम्ही टेसरॅक्टकडून नुसता मजकूर मागता आहात. मजकूर मागितला की शब्दांमधली मोकळी जागा हरवते, आणि रकाने म्हणजे तर ती मोकळी जागाच. त्याऐवजी प्रत्येक शब्द चित्रात कुठे आहे हे मागा:

```python
import cv2, pandas as pd, pytesseract
from pytesseract import Output

img = cv2.imread("bill.png", cv2.IMREAD_GRAYSCALE)
img = cv2.resize(img, None, fx=2, fy=2,
                 interpolation=cv2.INTER_CUBIC)
d = pd.DataFrame(pytesseract.image_to_data(
        img, lang="eng", config="--psm 6",
        output_type=Output.DICT))
d = d[d["text"].str.strip() != ""].copy()
d["right"] = d["left"] + d["width"]
d["mid"] = d["top"] + d["height"] / 2
```

`--psm 6` म्हणजे चित्र हा मजकुराचा एकच सलग ठोकळा धरून वाच. त्यासाठी आधी चित्रातून फक्त वस्तूंचा तक्ता कापून घ्या. वरचा पत्ता आणि खालच्या अटी-शर्ती सोबत दिल्या की गोंधळ वाढतो. दुप्पट करायची गरज झूम न केलेल्या चित्राला आहे. अंक आधीच २५ पिक्सेलचे असतील तर ती ओळ काढून टाका.

शब्दांच्या ओळी लावायला त्यांची उभी जागा वापरायची:

```python
d = d.sort_values("mid")
gap = d["height"].median() * 0.5
d["row"] = (d["mid"].diff() > gap).cumsum()
```

दोन शब्दांच्या मध्यांमध्ये अर्ध्या अंकाच्या उंचीपेक्षा जास्त फरक पडला की नवी ओळ सुरू झाली, एवढाच याचा अर्थ. हे चालायला चित्र सरळ हवं. २००० पिक्सेल रुंद चित्र फक्त १ अंश तिरपं असलं तरी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत ओळ ३५ पिक्सेल खाली उतरते, आणि त्या मापात बिलाच्या दोन ओळींमधलं अंतरच ४० पिक्सेलच्या आसपास असतं. मग साबणाची रक्कम पावडरच्या ओळीत जाऊन बसते. फोटो वाकडा असेल तर फोनमधल्या स्कॅन करणाऱ्या ॲपमधून कागदाचे चार कोपरे धरून आधी सरळ करून घ्या. कागदाला घडी पडल्यामुळे ओळी मध्येच वाकल्या असतील तर मात्र चित्राचे घडीवर दोन भाग करून वेगवेगळे वाचणंच बरं.

रकान्यांसाठी एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट: आकडे उजवीकडे टेकवून छापलेले असतात, वस्तूंची नावं डावीकडे. म्हणून आकड्यांचा रकाना शब्दाच्या `right` वरून ठरवा, `left` वरून नाही. 8.60 आणि 1176.00 यांच्या डाव्या कडा लांब लांब असतात, पण उजव्या कडा एका उभ्या रेषेत येतात. तक्त्यातल्या सगळ्या आकड्यांच्या `right` किमती काढून बघा, त्यांचे आपोआप घोळके पडलेले दिसतील: एक नगांचा, एक दराचा, एक रकमेचा. प्रत्येक घोळका म्हणजे एक रकाना. रकान्याचं नाव त्याच्या वरच्या मथळ्यावरून घ्या, पण रकान्याच्या सीमा मथळ्यावरून ठरवू नका, कारण मथळे बऱ्याचदा मध्यभागी छापलेले असतात आणि दोन-दोन ओळींत मोडलेले असतात. एकाच एजन्सीच्या बिलाचा नमुना सहसा बदलत नाही. तेव्हा या जागा एजन्सीनिहाय, तक्त्याच्या रुंदीच्या टक्केवारीत लिहून ठेवल्या की पुढच्या बिलाला तेच काम पुन्हा करावं लागत नाही.

वस्तूचं नाव लांब असलं की ते खालच्या ओळीत उतरतं. त्या ओळीत ना अनुक्रमांक असतो ना रक्कम. अशी ओळ दिसली की तिचा मजकूर वरच्या ओळीच्या नावाला जोडायचा. उलट बिल दोन पानी असेल तर पानाच्या तळाशी आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर मागील बेरजेची ओळ असते. तिला रक्कम असते पण अनुक्रमांक नसतो, आणि ती वस्तू म्हणून घुसली की एकूण भलतंच फुगतं. म्हणून वस्तूची ओळ म्हणजे अनुक्रमांक आणि रक्कम दोन्ही असलेली ओळ, असा कडक नियम ठेवा.

चित्र साफ करताना एक काळजी घ्या. रकान्यांच्या उभ्या रेषा टेसरॅक्टला कधी 1 तर कधी `|` वाटतात, म्हणून त्या पुसणं योग्यच आहे. पण ठिपके-डाग घालवण्यासाठी जे मीडियन फिल्टर लावतात, ते दशांश चिन्हही डाग समजून पुसतं. 8.60 चे 860 होतात. किराणा बिलात डाग राहिलेला परवडतो, दशांश गेलेला नाही.

आता ताळ्याकडे येऊ. एजन्सीच्या बिलाचा एक नमुना घेऊ. टेसरॅक्टने वाचून, वरच्या पद्धतीने रकान्यांत लावून हे आलं आहे असं समजा. रकाने क्रमाने असे: अनुक्रमांक, वस्तू, एचएसएन, नग, दर, सूट टक्के, करपात्र रक्कम, जीएसटी टक्के, सीजीएसटी, एसजीएसटी, एकूण.

```
1 TOILET SOAP 100G  3401 43 31.25 2 1470.00  5  36.75  36.75 1543.50
2 DET POWDER 1KG    3402 12 98.00 0 1176.00 18 105.84 105.84 1387.68
3 BISCUIT 55G       1905 60   860 5  490.20  5  12.26  12.26  514.72
4 COCONUT OIL 200ML 1513 24 86.50 3 2018.72  5  50.34  50.34 2114.40

Taxable 5149.92  CGST 205.19  SGST 205.19
Round Off -0.30  Total 5560.00
```

नुसतं बघून यात काही खटकत नाही. हे एक्सेलमध्ये A ते K रकान्यांत टाका आणि पुढच्या तीन रकान्यांत ही सूत्रं लिहा:

```
L2: =ABS(D2*E2*(1-F2/100)-G2)<=D2*0.005+0.01
M2: =AND(ABS(G2*H2/200-I2)<=0.01, I2=J2)
N2: =ABS(G2+I2+J2-K2)<=0.02
```

पहिलं सूत्र नग, दर आणि सूट यांचा करपात्र रकमेशी मेळ बघतं. दुसरं करपात्र रकमेचा कराशी मेळ बघतं. २०० ने भागलं आहे कारण जीएसटीचा अर्धा भाग सीजीएसटी आणि अर्धा एसजीएसटी. तिसरं आडवी बेरीज बघतं. पहिल्या सूत्रात किती फरक चालवून घ्यायचा हे नगांवर अवलंबून ठेवलं आहे, त्याला कारण आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दर तीन-चार दशांशांपर्यंत असतो आणि बिलावर दोनच छापले जातात. म्हणजे छापलेल्या दरात नगामागे अर्ध्या पैशापर्यंत फरक असू शकतो. ४८ नगांना तो २४ पैसे होतो. तिथे सरसकट ५ पैशांची मर्यादा ठेवली तर बरोबर ओळीही चुकीच्या ठरतील, आणि मग माणूस त्या लाल खुणांकडे बघणंच सोडून देतो.

दुसरी ओळ तिन्ही सूत्रांत पास होते. तिच्याकडे पुन्हा बघायची गरज नाही.

पहिल्या ओळीत L चुकतं, M आणि N जुळतात. M जुळलं म्हणजे १४७० आणि ३६.७५ एकमेकांना दुजोरा देत आहेत, तेव्हा करपात्र रक्कम बरोबर. दोष नग, दर किंवा सूट यांपैकी एकात आहे. ४३ नग खरे मानले तर ४३ गुणिले ३१.२५ म्हणजे १३४३.७५, सूट न धरताही १४७० पेक्षा कमी. म्हणजे सुटीने हा फरक भरून निघत नाही. दर चुकला म्हणायचं तर तो ३४.८८ असायला हवा, म्हणजे एकदम तीन अंक बदलायला हवेत. नग चुकला म्हणायचं तर १४७० ला ३१.२५ आणि ०.९८ ने भागून नेमके ४८ येतात. पूर्ण संख्या, आणि फक्त 8 चा 3 झालेला. तेव्हा नग ४८.

तिसऱ्या ओळीतही L चुकतं आणि बाकी दोन्ही जुळतात. ६० गुणिले ८६०, त्यातून ५ टक्के वजा, म्हणजे ४९०२०. खरी रक्कम ४९०.२०. नेमकी शंभरपट. शंभरपट किंवा दहापट फरक दिसला की दशांश चिन्ह गेलं असं समजा. दर ८.६०.

चौथ्या ओळीत तिन्ही सूत्रं चुकतात. तिन्हींत येणारा एकच आकडा आहे, G रकान्यातली करपात्र रक्कम. नग, दर, सुटीवरून ती २०१३.७२ यायला हवी. कराकडून उलटं गेलं तर ५०.३४ ला ०.०२५ ने भागून २०१३.६० येतं, म्हणजे जवळपास तेच. एकूण रकमेतून दोन्ही कर वजा केले तरी २०१३.७२. तीन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं, तेव्हा शंका उरत नाही.

थोडक्यात L एकटं चुकलं तर नग-दर-सुटीत बघा. फक्त M चुकलं तर कराच्या टक्क्यात बघा, कारण कराची रक्कम चुकली असती तर N ही चुकलं असतं. M आणि N चुकले तर कराच्या रकमेत, फक्त N चुकलं तर एकूण रकमेत, आणि तिन्ही चुकले तर करपात्र रकमेत.

कराच्या वाटेने २०१३.६० आलं आणि २०१३.७२ का नाही, हे समजून घ्या. कर दोन दशांशांवर गोळाबेरीज करून छापतात. अडीच टक्के कराच्या छापील रकमेतला अर्धा पैसा उलटा फिरवला की करपात्र रकमेत २० पैशांपर्यंत पसरतो. त्यामुळे कराचा ताळा रुपयाच्या चुका पकडतो, पैशाच्या नाही. त्या पकडायला उभी बेरीज लागते. दुरुस्त केलेल्या चार रकमा १४७०.००, ११७६.००, ४९०.२० आणि २०१३.७२ यांची बेरीज ५१४९.९२ येते, खालच्या आकड्याशी पैसान् पैसा जुळते. दुरुस्तीआधी ती ५१५४.९२ होती. फरक नेमका ५ रुपयांचा. 3 आणि 8 यांच्यात घोटाळा झाला की फरक ५ चा, ५० चा किंवा ५०० चा येतो. 1 आणि 7 चा घोटाळा असेल तर ६, ६०, ६०० चा. फरकात एकच अंक आणि बाकी शून्यं दिसली की एकच अंक चुकीचा वाचला गेला असण्याची दाट शक्यता असते, आणि तो कोणत्या स्थानावरचा तेही कळतं.

बिस्किटाच्या ओळीत आणखी एक गंमत आहे. ४९०.२० वर अडीच टक्के म्हणजे १२.२५५. काही सॉफ्टवेअर दोन्ही करांत १२.२६ छापतात, काही १२.२५. एक पैशाचा हा फरक चूक नाही, म्हणून M मध्ये एक पैशाची सवलत ठेवली आहे. अशा पैशांची भर पडत जाऊन मोठ्या बिलात कराच्या उभ्या बेरजेत आणि तळाच्या आकड्यात १०-१५ पैशांचा फरक पडू शकतो. तो खपवून घ्या. करपात्र रकमांच्या उभ्या बेरजेत मात्र एका पैशाचाही फरक खपवून घेऊ नका, कारण तिथे छापलेलेच आकडे मिळवलेले असतात. राऊंड ऑफची ओळ नेहमी ५० पैशांच्या आत असते. त्याहून मोठी आली तर ती वाचताना चूक झाली, किंवा ती दुसरीच कुठली ओळ आहे.

टक्क्याच्या रकान्याला आणखी एक आधार आहे. जीएसटीचे टक्के मोजकेच आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून किराणा मालाच्या बिलात मुख्यतः ०, ५ आणि १८ हेच दिसतात. बिलावर 2.5 छापलं असेल आणि ओसीआरने 25 वाचलं असेल तर तसा टक्का अस्तित्वातच नाही. पण बिलाची तारीख बघून हा नियम लावा. अंगाच्या साबणाला आणि बिस्किटाला त्या तारखेआधी १८ टक्के होता, आता ५ आहे. कपड्याच्या पावडरला तेव्हाही १८ आणि आताही १८. जुनी बिलं भरत असाल तर १२ आणि २८ हेही टक्के खरेच होते.

एजन्सी परराज्यातली असेल तर दोन करांऐवजी आयजीएसटीचा एकच रकाना येईल. तो I मध्ये ठेवा, J रिकामा सोडा, आणि M मध्ये २०० च्या जागी १०० घालून `I2=J2` ही अट काढून टाका. विकणाऱ्याच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. सावंतवाडीच्या दुकानदाराने म्हापशाहून माल आणला तर त्याच्या बिलात आयजीएसटीच दिसणार.

आता ताळा कुठे फसवतो ते सांगतो, कारण यातच लोक अडकतात. एखाद्या ओळीतच ताळा चुकला तर ती वाचनाची चूक. पण सगळ्याच ओळींत चुकला तर वाचन बहुधा ठीक आहे आणि बिलाची पद्धत वेगळी आहे. अशा वेळी करपात्र रकमेला नग गुणिले दराने भागून प्रत्येक ओळीचं गुणोत्तर काढा, ते गुणोत्तरच पद्धत सांगतं. ५ टक्क्यांच्या ओळींत ०.९५२ आणि १८ टक्क्यांच्या ओळींत ०.८४७ येत असेल तर छापलेला दर करासहित आहे. सगळीकडे ०.९३१ येत असेल तर दोन सुटी एकावर एक आहेत: आधी स्कीमची ५ टक्के आणि उरलेल्या रकमेवर रोखीची २ टक्के. ०.९५ गुणिले ०.९८ म्हणजे ०.९३१. दोन्ही मिळून ७ टक्के धरलेत तर प्रत्येक ओळ थोडी थोडी चुकत राहते आणि कारण सापडत नाही. एकदा पद्धत कळली की ती त्या एजन्सीच्या नावापुढे लिहून ठेवा.

फुकट मालाचंही तसंच. नगाच्या रकान्यात 12+1 असं छापलेलं असतं. ओसीआर ते कधी 12+1 वाचतं, कधी 1241, कारण + चा 4 होतो. १२४१ नग आले तर L लगेच बोंब मारतं, पण दुरुस्त करताना १२ आणि १ वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. ताळा १२ वर जमतो, साठ्यात मात्र १३ नग येतात, आणि तुमची खरी खरेदी किंमत १३ ने भागूनच निघते.

एका ओळीत दोन आकडे चुकलेले असतील, उदाहरणार्थ नगही आणि दरही, तर ताळा चूक आहे एवढंच सांगेल, कुठली ते नाही. तिथे डोळ्यांनी चित्र बघण्याला पर्याय नाही. त्यासाठी प्रत्येक ओळीचं चित्र तिच्या `top` आणि `height` वरून कापून वेगळं जतन करा, म्हणजे लाल ओळ दिसली की अख्खं बिल शोधत बसावं लागत नाही. आणि ओसीआरने मुळात काय वाचलं ते कधीही पुसू नका. दुरुस्त आकडा वेगळ्या रकान्यात लिहा, शेजारी मूळ वाचन राहू द्या. सूत्राने दुरुस्त केलेला आकडा आणि कागदावर प्रत्यक्ष छापलेला आकडा यात फरक आहे. क्वचित एजन्सीच्या बिलातच हातानं टाकलेली चूक असते, आणि तुमच्या सूत्रानं ती गुपचूप सुधारली तर तुमची वही आणि त्यांची वही जुळणार नाही.

ज्या गोष्टी कुठल्याच आकड्याशी बांधलेल्या नाहीत, त्यांना ताळा वाचवू शकत नाही: वस्तूचं नाव, एचएसएन, बिल क्रमांक. एचएसएनचा अंदाज नावावरून आणि टक्क्यावरून ताडता येतो. नावांसाठी एजन्सीनिहाय एक यादी करा, एका बाजूला बिलावर येतं ते तोडकं नाव, दुसऱ्या बाजूला तुमच्या दुकानातलं नाव. पहिला महिना ती हातानं भरावी लागते, पुढे नव्या वस्तूच तेवढ्या उरतात. नावं मराठीत छापलेली असतील तर `lang="mar+eng"` फक्त नावाच्या पट्टीला वापरा. आकड्यांच्या पट्टीला `eng` ठेवून सोबत `-c tessedit_char_whitelist=0123456789.,+-` द्या, नाहीतर इंग्रजी आकड्यांमध्ये मध्येच देवनागरी आकडे उगवतात. बिलात आकड्यांच्या जागी `NIL` वगैरे शब्द छापत असतील तर मात्र ही बंधनं घालू नका, कारण मग टेसरॅक्ट त्या अक्षरांचे बळेच आकडे करतं.

बिल क्रमांक आणि तारीख यांचा पडताळा पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला होतो. तुम्ही दरमहा रिटर्न भरत असाल तर तेव्हा जीएसटी पोर्टलवर तुमचं जीएसटीआर-२बी तयार होतं आणि त्यात एजन्सीने भरलेलं प्रत्येक बिल त्याच्या क्रमांकासह, करपात्र रकमेसह आणि करासह दिसतं. ते एक्सेलमध्ये उतरवून एजन्सीचा जीएसटी क्रमांक आणि करपात्र रक्कम या दोन्हींवर तुमच्या ओळींशी जुळवा. बिल क्रमांकावर जुळवायला जाऊ नका, कारण 0 आणि O, 1 आणि I यांचा घोळ तिथेच सर्वात जास्त असतो. रक्कम जुळली आणि क्रमांक जुळला नाही तर पोर्टलवरचा क्रमांक कागदाशी ताडून घ्या आणि तो तुमच्या तक्त्यात भरा. रक्कम जुळणारं बिलच सापडलं नाही तर मूळ कागद काढा आणि एजन्सीला फोन करा, कारण ते बिल त्यांनी अजून भरलेलंच नसण्याची शक्यता आहे.